'झालं' म्हणजे काय: केळीच्या एका पट्टीवरून

प्रश्न: धुळ्याहून फ्रीलान्स वेब डेव्हलपमेंट करतो. कामाआधी युजर स्टोरी आणि अ‍ॅक्सेप्टन्स क्रायटेरिया लिहून क्लायंटचा होकार घेतो, तरी शेवटी "हे तर त्यात आलंच ना" म्हणून पेमेंट अडकतंच. 'युजरला बिल सहज बनवता यावं' अशी स्टोरी असेल, तर ती पूर्ण झाली हे दोघांनी मिळून कसं ठरवायचं?

उत्तर:

तुमच्या स्टोरीत मला 'सहज'पेक्षा 'बिल' हा शब्द जास्त खटकतो. 'सहज' मोघम आहे हे दोघांनाही दिसतं, त्यामुळे त्यावर निदान बोलणं तरी होतं. बिल म्हणजे काय हे मात्र दोघंही गृहीत धरतात. क्लायंटच्या डोक्यात त्याच्या पेढीवर वीस वर्षं चाललेलं बिल असतं आणि तुमच्या डोक्यात मागच्या प्रोजेक्टमधलं. म्हणून स्टोरी लिहायच्या आधी मी क्लायंटकडून हाताने केलेले जुने हिशोब मागून घेतो आणि त्यातले आकडे क्रायटेरियात जसेच्या तसे उतरवतो. नियम शब्दांत लिहिला की त्याचे दोन अर्थ निघतात. आकडा लिहिला की तो स्क्रीनवर तोच येतो किंवा येत नाही.

एक काम पूर्ण उलगडून सांगतो. रावेरकडच्या एका केळी व्यापाऱ्याला शेतकऱ्यांच्या पट्ट्या मोबाइलवर करायच्या होत्या. केळी शेतातून कापून गाडीत भरतात, गाडी भुईकाट्यावर जाते, आणि वजन, भाव, कपात लावून शेतकऱ्याला द्यायच्या रकमेचा कागद होतो, ती पट्टी. मालकाने पहिल्या भेटीत काम एका वाक्यात सांगितलं: "वजन टाकलं की पट्टी निघाली पाहिजे." या वाक्यावर कोटेशन देता आलं असतं. त्याआधीच्या एका कामात मी तसंच दिलं होतं आणि शेवटचा हप्ता महिनाभर अडकला होता. या वेळी मी मालकाऐवजी दिवाणजींच्या शेजारी बसलो आणि पट्टीबुकातल्या दहा पट्ट्यांचे फोटो काढून घेतले. दहापैकी निदान तीन तरी अशा द्या, म्हटलं, ज्यांवर नंतर खाडाखोड झाली किंवा शेतकऱ्याचा फोन आला. साध्या पट्ट्यांतून नियम कळतो, भांडणाच्या पट्ट्यांतून नियमाची हद्द कळते.

त्या बैठकीतून शेवटी हे कार्ड तयार झालं:

स्टोरी ३: दिवाणजी म्हणून मला गाडी काट्यावर असतानाच शेतकऱ्याची पट्टी करायची आहे, म्हणजे वजनाचा हिशोब त्याला तिथेच पटेल आणि संध्याकाळी फोनवर वाद होणार नाही.

१. भरलेली गाडी १४,८६० किलो आणि रिकामी ६,२४० किलो टाकली की निव्वळ वजन ८,६२० दिसतं. पट्टीवर तिन्ही आकडे छापलेले असतात.
२. ८,६२० किलोवर दांड्याची घट ६८८ किलो लागते. हिशोबाचं वजन ७,९३२.
३. भाव १,४५० रुपये क्विंटल टाकला की रक्कम १,१५,०१४ येते. भाव १,४३७ टाकला की १,१३,९८२ येते.
४. उचल २०,००० असेल तर देणं ९५,०१४. उचल १,३०,००० असेल तर देणं शून्य आणि पट्टीवर 'बाकी १४,९८६' (दोन्ही भाव १,४५० धरून).
५. एकाच गाडीत दुसऱ्या शेतकऱ्याचा माल चढला आणि काट्याचे आकडे १०,९३० व १४,८६० असतील, तर दुसऱ्याचं निव्वळ वजन ३,९३०, घट ३१२, हिशोबाचं वजन ३,६१८.
६. भरलेलं वजन आधीच्या वजनापेक्षा कमी टाकलं तर पट्टी होत नाही आणि 'वजन तपासा' असं दिसतं.
७. झालेल्या पट्टीचा भाव बदलला तर त्याच नंबरची पट्टी 'दुरुस्त' शिक्क्यासह निघते. जुनी पट्टी यादीत राहते.

यात नाही: भाव बाजारातून आपोआप येणं, बँकेतून पैसे पाठवणं, पट्टी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणं (ती स्टोरी ४).

आता यातला दुसरा मुद्दा बघा. दिवाणजींनी तोंडी सांगितलेला नियम असा होता: "दांड्यापोटी क्विंटलमागे आठ किलो." मी तो आठ टक्के म्हणून लिहून घेतला. कोणीही तसंच लिहिलं असतं. ८,६२० चे आठ टक्के म्हणजे ६८९.६ किलो. पण पट्टीबुकात त्याच वजनापुढे दिवाणजींच्या अक्षरात ६८८ होतं. मी बोट ठेवून विचारलं, तर ते म्हणाले, "वरचे वीस किलो सोडून देतो ना भाऊ. पुरे क्विंटल शहाऐंशी, आठाने गुणायचं." फरक १.६ किलोचा, म्हणजे या भावाने तेवीस रुपये वीस पैसे. पेढीला त्याचं काही नाही, पण ज्या शेतकऱ्याने घरी हिशोब मांडलाय त्याच्या कागदाशी अ‍ॅपची पट्टी जुळली नसती. मग पहिल्याच दिवशी "तुमचं अ‍ॅप चुकतं" असं ऐकावं लागलं असतं, आणि माझ्या लेखी अ‍ॅप बरोबर असतं, कारण आठ टक्के हे आमचं ठरलेलं होतं. वादाची सुरुवात नेमकी अशी होते. दोघंही खरं बोलत असतात.

तिसऱ्या मुद्द्यात दोन भाव मुद्दाम आहेत. १,४५० ने रक्कम पूर्ण रुपयात येते, त्यामुळे त्यातून काहीच कळत नाही. त्याच वजनाला १,४३७ लावला की १,१३,९८२ रुपये ८४ पैसे होतात. आता १,१३,९८३ लिहायचं की १,१३,९८२? पेढीत पैसे सोडून देतात, म्हणून ८२. बहुतेक डेव्हलपर न विचारता जवळच्या रुपयाला नेतात आणि ८३ येतं. क्रायटेरियासाठी उदाहरण निवडताना हा विचार करा: जे उदाहरण चुकीच्या समजुतीनेही बरोबरच येतं, त्याचा उपयोग नाही. दोन समजुतींची दोन वेगळी उत्तरं येतील असा आकडा शोधायचा.

कोडची एक गोष्ट इथेच सांगतो, कारण पैसे सोडून देण्याचा नियम असला की ती अंगाशी येते. दशांशात गुणाकार केला तर कधीकधी पूर्ण रुपयाच्या किंचित खालचा आकडा तयार होतो आणि एक रुपया गळतो. पूर्ण किलो गुणिले क्विंटलचा भाव म्हणजे थेट पैशांतली रक्कम येते, म्हणून शेवटपर्यंत पूर्णांकातच राहता येतं:

```
const paise = kilo * bhav;   // 7932 * 1437 = 11398284
const rupaye = Math.floor(paise / 100);   // 113982
```

पाचवा मुद्दा माझ्या मते या कार्डावरचा सगळ्यात महागडा. मालकाच्या वाक्यात तो नव्हता, दिवाणजींनीही आपणहून सांगितला नाही. मी विचारलं होतं, "रिकामी गाडी म्हणजे रिकामीच असते ना नेहमी?" त्यावर ते म्हणाले, लहान बागा असल्या की एक गाडी दोन ठिकाणी भरते. पहिल्या बागेनंतर काटा होतो, दुसऱ्या बागेनंतर पुन्हा काटा. म्हणजे दुसऱ्या शेतकऱ्यासाठी 'रिकामी' गाडी ही पहिल्याची भरलेली गाडी. हे कळल्यावर डेटाबेसची रचनाच बदलली. आधी एका पट्टीला दोन वजनं होती. आता एका गाडीला काट्यांची रांग झाली आणि प्रत्येक पट्टी त्यातल्या लागोपाठच्या दोन काट्यांवर बसली. घटही वेगळी निघते: दोघांचं मिळून एकदम धरलं तर ६८८, पण वेगळं धरलं तर ३६८ आणि ३१२, म्हणजे ६८०. हे काम डिलिव्हरीनंतर पुढे आलं असतं तर आठवडा गेला असता, आणि मालक म्हणाला असता, "हे तर त्यात आलंच ना. गाड्या अशाच भरतात." त्याच्या जागी तो बरोबरच आहे. त्याच्या धंद्यात गाड्या अशाच भरतात.

अशा गोष्टी बाहेर काढायला मी कार्डावरच्या प्रत्येक नामापुढे एकच प्रश्न विचारतो: हे कधी नसतं, दोन असतं किंवा नंतर बदलतं का? रिकामी गाडी कधी रिकामी नसते का? भाव पट्टी झाल्यावर बदलतो का? उचल रकमेपेक्षा जास्त होते का? चौथा, पाचवा आणि सातवा मुद्दा या एका प्रश्नातून आलेत. आणि हा प्रश्न जो रोज हाताने काम करतो त्याला विचारायचा. मालकाला धंदा माहीत असतो, पट्टीतल्या खाचाखोचा दिवाणजीला माहीत असतात. मालक "ते बघून घेऊ" म्हणतो, दिवाणजी म्हणतो, "परवाच झालं तसं."

२००१ साली रॉन जेफ्रीज यांनी युजर स्टोरीचे तीन भाग सांगितले होते: कार्ड, संवाद आणि खात्री. आपल्याकडे बहुतेक जण कार्डाचा साचा घेतात आणि मधला संवाद वगळून थेट खात्रीवर जातात. तुम्ही लिहून पाठवता, क्लायंट 'ओके' लिहितो. तो होकार वाचून दिलेला असतोच असं नाही. म्हणून मी कार्ड पाठवून होकार मागत नाही. क्लायंटला कॅल्क्युलेटर घेऊन बसवतो आणि म्हणतो, हे आकडे तुमच्या पद्धतीने करून बघा, माझ्याशी जुळतात का. वीस मिनिटं जातात. त्या वीस मिनिटांत एकदा तरी आकडा जुळत नाही, आणि त्या दिवसाची कमाई तीच असते.

स्टोरीतला 'म्हणजे' नंतरचा भाग शोभेचा समजू नका. पहिल्या मुद्द्यात तिन्ही वजनं छापायची हे तिथून आलं. मला फक्त निव्वळ वजन दाखवायचं होतं, मोबाइलच्या स्क्रीनवर सुटसुटीत दिसतं. पण शेतकऱ्याला तिथेच पटायला हवं असेल, तर काट्याच्या चिठ्ठीवरचे दोन्ही आकडे त्याला पट्टीवर दिसले पाहिजेत. हेतू लिहिलेला होता म्हणून माझी आवड बाजूला ठेवायला मला वेळ लागला नाही. उद्या क्लायंट म्हणाला की पट्टीवर आमच्या पेढीचा इतिहास टाका, तर तोच हेतू दाखवून विचारता येतं की याने हिशोब पटणार आहे का.

'यात नाही' ही ओळ तुमच्या कार्डांत बहुधा नसेल. ती टाकाच. रावेरचा भाव, बऱ्हाणपूरचा भाव हे आपल्याकडे रोजच्या बोलण्यातले शब्द, त्यामुळे मालक पहिल्या भेटीत सहज म्हणाला होता, "भाव येईलच त्यात." भाव कुठून यायचा, कोण देणार, तो उशिरा आला तर पट्टी थांबायची का, हे ठरवणं वेगळंच काम आहे. त्यामुळे भाव हाताने टाकायचा असं ठरलं आणि तसं लिहिलं. या ओळीत जग लिहू नका. बोलताना क्लायंटच्या तोंडून जे आलं आणि या स्टोरीत धरलं नाही, तेवढंच लिहा. दोन-तीन गोष्टी पुरतात.

स्टोरी ४, म्हणजे 'पट्टी व्हॉट्सअ‍ॅपवर जावी', वेगळी का काढली हेही सांगतो. या तीन शब्दांचे तीन अर्थ होतात आणि तिघांची किंमत वेगळी. पहिला अर्थ: बटण दाबलं की दिवाणजींच्या फोनवर त्या शेतकऱ्याचं चॅट उघडतं आणि मजकूर आधीच भरलेला असतो. याला `https://wa.me/91XXXXXXXXXX?text=...` अशी लिंक पुरते, काम अर्ध्या दिवसाचं. पण या लिंकने फाइल जोडता येत नाही, फक्त मजकूर जातो. दुसरा अर्थ: पट्टीची पीडीएफ जाते. मग फोनच्या शेअर मेनूतून पाठवावी लागते आणि शेतकऱ्याचं नाव दिवाणजीने स्वतः निवडायचं. तिसरा अर्थ: कोणी काही न करता पट्टी आपोआप जाते. त्याला व्हॉट्सअ‍ॅपची बिझनेस सेवा जोडावी लागते, मेसेजचा साचा आधी मंजूर करून घ्यावा लागतो आणि मेसेजचे पैसे लागतात. ते कोणी भरायचे हेही ठरवावं लागतं. मालकाच्या मनात तिसरा अर्थ होता, माझ्या कोटेशनमध्ये पहिला. मी तिन्ही त्याच्याच फोनवर दाखवले, तिसरा नुसता कागदावर खर्चासह. त्याने पहिला घेतला. क्रायटेरिया मग एका ओळीत झाला: 'पाठवा दाबल्यावर शेतकऱ्याच्या नंबरचं चॅट उघडतं, मजकुरात पट्टी नंबर, हिशोबाचं वजन, भाव आणि देणं असतं, पाठवायचं बटण दिवाणजी दाबतात.' शेवटचा तुकडा मुद्दाम आहे. कोण दाबतं हे लिहिलं की 'आपोआप' हा शब्द मागून शिरत नाही.

काही अटी प्रत्येक स्टोरीला लागू असतात: अँड्रॉइडच्या साध्या फोनवर चालणं, मराठी अक्षरं पीडीएफमध्ये नीट उमटणं, शेतात नेटवर्क गेलं तरी भरलेली पट्टी हरवू नये. या प्रत्येक कार्डावर लिहिल्या तर कार्डं वाचली जात नाहीत. त्या एकदाच वेगळ्या कागदावर लिहून दोघांनी मान्य करायच्या आणि 'कोणतीही स्टोरी झाली' म्हणजे हेही झालं, असं धरायचं. नेटवर्कची अटही करून बघता येईल अशी लिहा: फोन एअरप्लेन मोडवर टाकून पट्टी भरली, अ‍ॅप बंद करून उघडलं, पट्टी जागेवर आहे.

स्वीकारताना मी समोर बसतो पण फोन हातात घेत नाही. दिवाणजी कार्ड बघून स्वतःच्या फोनवर आकडे टाकतात आणि प्रत्येक मुद्द्यापुढे खूण करतात. मग मालकाकडून ग्रुपवर एक ओळ घेतो: 'स्टोरी ३, मुद्दे १ ते ७ तपासले, बरोबर.' त्या स्टोरीचा हप्ता त्या ओळीला जोडलेला असतो, संपूर्ण अ‍ॅपला नाही. तपासायला पाच दिवस, हे कोटेशनमध्येच लिहिलेलं असतं.

तरी नंतर काही निघतंच. तेव्हा मी आधी कार्ड उघडतो. लिहिलेला आकडा येत नसेल तर ती माझी चूक, फुकट दुरुस्ती. लिहिलेला आकडा येतोय पण आता दुसरा हवा असेल, उदाहरणार्थ घट आठऐवजी नऊ किलो, तर नवी स्टोरी, नवा दर. राहतो तिसरा प्रकार, ज्याबद्दल कार्ड गप्प आहे. इथे नियम लावून चालत नाही. कुठल्याही पट्टी करणाऱ्या अ‍ॅपला जे लागणारच होतं, जसं उणे भाव न घेणं, ते मी विचारायला हवं होतं, म्हणून मी करून देतो. जे फक्त या पेढीच्या पद्धतीमुळे लागतं, त्याचे पैसे मागतो. दोन बागांच्या गाडीचा मुद्दा नंतर निघाला असता तर मी पैसे मागितले असते, पण पूर्ण नाही. विचारायचं काम माझंच होतं.

हे सगळं हिशोब, नोंदी, परवानग्या, मेसेज अशा कामांना लागू पडतं. स्क्रीन कशी दिसावी याला ते पुरत नाही. 'छान दिसावं' याचा आकडा नसतो. त्यासाठी आधी स्क्रीनचं चित्र करून त्यावर होकार घ्या आणि क्रायटेरियात फक्त 'मान्य केलेल्या चित्राप्रमाणे, बदलाच्या दोन फेऱ्या' एवढं लिहा. आणि एखाद्या कार्डावर आठ-नऊच्या वर मुद्दे जायला लागले तर ती एक स्टोरी नाही. माझ्या कार्डावरही उचल आधी पूर्णपणे याच स्टोरीत होती: देणं, परत घेणं, जुनी बाकी, व्याज. बारा मुद्दे झाले. उचलीची नोंद वेगळी स्टोरी केली आणि इथे फक्त पट्टीवरची वजावट ठेवली.

तुमच्या बिलाच्या स्टोरीसाठी उद्या क्लायंटकडून मागच्या महिन्यातली दहा बिलं घ्या, त्यात तीन खाडाखोडीची. सगळ्यात आधी रकमा स्वतः पुन्हा करून बघा. जे बिल तुमच्या हिशोबाने जुळत नाही, ते घेऊन क्लायंटकडे जा आणि पहिला क्रायटेरिया त्यावरून लिहा.